सल्फेटचे भारात्मक निर्धारण : बेरियम सल्फेट पद्धत

द्रावणातील सल्फेट बेरियम सल्फेटच्या (BaSO4) साक्याच्या रूपात वेगळे करून, तो साका तापवून व तोलून सल्फेटचे प्रमाण काढण्याची पद्धत. खनिजे, खते आणि पाणी यांच्या विश्लेषणात ती वापरतात. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, 25° से. ला लिटरभर शुद्ध पाण्यात त्याचे जेमतेम अडीच मिलिग्रॅम जातात. बेरियम थोडे जास्त घातले की हा तोटाही नगण्य होतो. त्यामुळे पद्धतीतील खरी अडचण विरघळून जाणाऱ्या साक्याची नसून, साक्याबरोबर खाली येणाऱ्या परक्या पदार्थांची आहे.

विहिरीच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. 250 मिली गाळलेले पाणी मंद आम्लधर्मी होईपर्यंत त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात आणि आणखी 1–2 मिली आम्ल घालून ते उकळतात. आम्लामुळे बेरियम कार्बोनेट व फॉस्फेट खाली बसत नाहीत आणि साक्याचे कणही मोठे होतात. मात्र आम्ल फार झाले तर सल्फेटचे बायसल्फेट होते व साका विरघळू लागतो. उकळत्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे गरम, विरळ द्रावण थेंबाथेंबाने, सतत ढवळत सोडतात. साका येणे थांबल्यावर सुमारे 2 मिली द्रावण जास्त घालतात. घाईने ओतल्यास एकाच वेळी असंख्य सूक्ष्म स्फटिक जन्मतात आणि ते गाळणकागदातून पार होतात.

यानंतरचा टप्पा डायजेशनचा. साका त्याच द्रावणात 80–90° से. ला किमान दोन तास, शक्य असल्यास रात्रभर ठेवतात. बारीक कण मोठ्या कणांपेक्षा किंचित जास्त विद्राव्य असतात. ते विरघळत जातात आणि त्यांचे द्रव्य मोठ्या स्फटिकांवर बसते. वेडेवाकडे स्फटिकही हळूहळू नीट आकार घेतात. एकूण पृष्ठभाग घटल्याने त्याला चिकटलेली अशुद्धी सुटते आणि साका लवकर गाळला जातो. वरचे द्रव नितळ झाले, की त्यात बेरियम क्लोराइडचा एक थेंब टाकून पाहतात. गढूळपणा आला, तर सल्फेट अजून शिल्लक आहे.

व्हॉटमन 42 सारख्या राखरहित कागदातून साका गाळून कोमट पाण्याने थोडेथोडे करून धुतात. गाळून आलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरेपणा येईनासा झाला की धुणे पुरे. मग कागद क्रुसिबलमध्ये ज्वाला पेटू न देता मंद आचेवर जाळतात. तसे न केल्यास कागदातील कार्बन सल्फेटचे बेरियम सल्फाइड करतो आणि वजन कमी भरते. शंका आल्यास थंड अवशेषावर सल्फ्यूरिक आम्लाचा एक थेंब टाकून पुन्हा सावकाश तापवतात. सल्फाइडचे परत सल्फेट होते. शेवटी 800° से. ला तासभर तापवून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोलतात. वजन स्थिर होईपर्यंत हे पुन्हा करतात.

समजा, अवशेष 0.1215 ग्रॅम आला. सल्फेटचा गुणक 96.06 ÷ 233.39, म्हणजे 0.4116. यावरून सल्फेट 0.0500 ग्रॅम, अर्थात लिटरला 200 मिलिग्रॅम निघते. भारतीय मानक IS 10500 मधील पिण्याच्या पाण्यासाठीची स्वीकार्य मर्यादा नेमकी हीच आहे, म्हणून येथे लहान चूकही निर्णय फिरवू शकते.

मुख्य चुका सहअवक्षेपणातून येतात आणि त्यांच्या दिशा वेगवेगळ्या असतात. स्फटिक वाढताना बेरियम क्लोराइड आत अडकले, तर वजन वाढते. या उदाहरणात त्याचे 1.2 मिलिग्रॅम उत्तर लिटरमागे 2 मिलिग्रॅमने फुगवतात. नायट्रेट असल्यास बेरियम नायट्रेट अडकून असेच होते. म्हणून ते आधीच हायड्रोक्लोरिक आम्लासह आटवून घालवतात. उलट, बेरियमच्या जागी सोडियम किंवा पोटॅशियम बसले, तर त्याच सल्फेटचे वजन कमी भरते, कारण हे सल्फेट हलके असतात. अमोनियम सल्फेट तापवताना उडूनच जाते. फेरिक लोह सल्फेटच्या रूपात अडकले, तर तापवताना सल्फर ट्रायऑक्साइड निघून फेरिक ऑक्साइड उरते. अवशेष तांबूस दिसला, की ही चूक ओळखता येते.

स्फटिकाच्या आत अडकलेली अशुद्धी धुण्याने जात नाही आणि डायजेशनने पूर्णपणे सुटत नाही. अणुभारांच्या अचूक निर्धारणासाठी 1914 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले थिओडोर रिचर्ड्स यांनी बेरियम सल्फेटात अडकणाऱ्या बेरियम क्लोराइडचा अभ्यास केला होता. इतर अनेक साके विरघळवून पुन्हा पाडता येतात. हा साका नेहमीच्या आम्लांत विरघळत नसल्याने तो मार्गही सोपा नाही.

या उलटसुलट चुका एकमेकींना पुष्कळदा झाकतात. म्हणून दोन नमुन्यांची उत्तरे जुळली, एवढ्यावरून पद्धत बिनचूक ठरत नाही. त्यापेक्षा खात्रीची चाचणी अशी : 90.7 मिलिग्रॅम शुद्ध, कोरडे पोटॅशियम सल्फेट 250 मिली पाण्यात विरघळवायचे, त्यात नमुन्याइतकेच मीठ व इतर क्षार घालायचे आणि हीच कृती करायची. अवशेष 121.5 मिलिग्रॅम यायला हवा. जो फरक पडेल, तो त्या क्षारांच्या संगतीत या पद्धतीची चूक किती व कोणत्या दिशेची आहे हे सांगतो.