गंगेकाठचं खोटं कलकत्ता

लंडनच्या वॉरविक ट्रेडिंग कंपनीने १८९९ साली मिनिटभराची एक फिल्म विकायला काढली. नाव होतं ‘पॅनोरमा ऑफ कॅलकटा, इंडिया, फ्रॉम द रिव्हर गँजेस’. कॅमेरा होडीत ठेवलेला आहे आणि होडी काठाकाठाने सरकते आहे. समोरून पायऱ्या, देवळं, वाडे आणि न्हाणारी माणसं जातात. बनारसला एकदा जाऊन आलेला माणूसही ती पाहून सांगेल, की हे कलकत्ता नव्हे. हुगळीचा काठ सखल. इतक्या उंच आणि एकाला एक खेटून उभ्या पायऱ्या तिथे कुठून येणार? हे घाट वाराणसीचे आहेत. भारतात चित्रित झालेल्या आणि आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या फिल्ममध्ये ही गणली जाते, आणि तिची पहिलीच माहिती चुकीची आहे.

चूक नेमकी कोणी केली याचा शोध घेण्यापेक्षा ती इतकी सहज का खपली, ते पाहिलेलं बरं. आज माहितीपट ऑनलाइन ठेवताना आपण सारांश, श्रेयनामं आणि विषयशब्दांचे जे रकाने भरतो, त्यांचा मूळपुरुष त्या फिल्मच्या विक्रीतच सापडतो. त्या काळी फिल्म सहसा भाड्याने मिळत नसे. फुटावर मोजून कायमची विकली जाई. दूरच्या गावातला खेळवाला ती आधी पाहू शकत नसे. त्याच्या हातात असे विक्रेत्याचा कॅटलॉग: क्रमांक, लांबी, नाव आणि दोन-चार ओळींचं वर्णन. कलकत्ता ही तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी. इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला ते नाव बनारसपेक्षा जवळचं वाटलं असणार, हा माझा अंदाज. वर्णन खरं असण्यापेक्षा विकाऊ असणं महत्त्वाचं, हा संस्कार असा जन्मापासूनचा आहे.

त्या नावातला ‘पॅनोरमा’ही पाहण्यासारखा आहे. त्या वेळच्या कॅटलॉगात हा शब्द आला की गिऱ्हाईक समजे, यात कॅमेरा सरकतो आहे. ‘अरायव्हल’ म्हटलं की गाडी किंवा बडी स्वारी येणार. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचे पहिले खेळ झाले, तेव्हाच्या जाहिरातीतही सहा फिल्मची नावं होती, आणि ‘अरायव्हल ऑफ अ ट्रेन’ त्यांतलंच एक. सारांश, प्रकार आणि विषय ही तिन्ही कामं एकटं शीर्षक करत होतं. श्रेयनामांचा तर पत्ताच नव्हता. बनारसच्या पायऱ्यांवरचं एकही माणूस नावाने आपल्यापर्यंत आलेलं नाही.

आपल्याकडे या नोंदीला सरकारी शिस्त लागली ती सेन्सॉरच्या प्रमाणपत्राने. थिएटरात सुरुवातीला पडद्यावर झळकणारा तो कागद आठवा: चित्रपटाचं नाव, भाषा, रंगीत की कृष्णधवल, रिळं किती, लांबी किती मीटर, अर्जदार कोण. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन आली आणि माहितीपटांचे कॅटलॉग निघू लागले. पुढे १९९० पासून मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. अशा महोत्सवांचे प्रवेशअर्ज भरताना दिग्दर्शकाला स्वतःच्या फिल्मचा सारांश स्वतः लिहायची सवय लागली. एक गाठ मात्र सुटली. महोत्सवातल्या खेळाला बहुधा प्रमाणपत्रातून सूट मिळते, आणि फिल्म ऑनलाइन ठेवायलाही ते लागत नाही. त्यामुळे महोत्सवांतून थेट ऑनलाइन गेलेल्या लघु माहितीपटाची लांबी, साल, भाषा सांगणारा कुठलाही अधिकृत कागद मागे राहत नाही. दिग्दर्शकाने जे टंकलं, तेवढीच त्याची नोंद.

आणि तो टंकतो काय? बहुतेक वेळा महोत्सवाच्या पुस्तिकेतला सारांश जसाच्या तसा. समजा, शिंदे घाटावर लाकडी होड्या दुरुस्त करणाऱ्यांवर बावीस मिनिटांचा माहितीपट आहे. पुस्तिकेत छापलं होतं: ‘पाण्याच्या काठावर काळाशी चाललेला एक संथ संवाद.’ तिथे हे चालून गेलं, कारण वाचणारा खुर्चीत बसला होता आणि दिवे मालवायचेच बाकी होते. ऑनलाइन शोधणाऱ्याला या ओळीत ना वाराणसी सापडते, ना होडी. तिथे पहिलं वाक्य असं हवं: ‘वाराणसीच्या शिंदे घाटावर तीन कारागीर पावसाळ्याआधी लाकडी होड्या दुरुस्त करतात, त्या एका महिन्याची गोष्ट.’ यादीत वर्णनाचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो. संथ संवाद हवाच असेल तर तो खाली जाऊ द्या. फिल्ममध्ये निवेदन नसेल तर हे वाक्य आणखी मोलाचं. रॉबर्ट गार्डनरच्या बनारसवरच्या ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) मध्ये निवेदन नाही, उपशीर्षकंही नाहीत. अशा फिल्ममधून यंत्राला आपोआप टिपायला शब्दच मिळत नाहीत, तेव्हा ती सापडण्याची सगळी भिस्त बाहेर लिहिलेल्या ओळींवर.

मग विषयशब्द. वाराणसी हे अधिकृत नाव १९५६ पासूनचं, पण लोक बनारस आणि काशीही शोधतात, आणि जुन्या इंग्रजी कागदांत Benares आहे. घाटाचं तर विचारूच नका. बायजाबाई शिंद्यांच्या नावाशी जोडलेला तो घाट मराठी माणूस ‘शिंदे घाट’ म्हणून शोधणार, तिथला माणूस ‘सिंधिया घाट’, परदेशातला Scindia Ghat. यूट्यूबवर टॅगच्या रकान्यात एकूण ५०० अक्षरं मावतात, आणि टॅगचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरताच, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. म्हणून ही रूपं वर्णनाच्या वाक्यांतच सहजपणे पेरलेली बरी. नुसती ढिगाने ओतलेली शब्दांची यादी वाचकाला खोटी वाटते, आणि यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

साल हा दुसरा घोटाळा. पानावर ठळक दिसते ती ऑनलाइन चढवल्याची तारीख. दोन वर्षं महोत्सवांत फिरलेली फिल्म त्यामुळे आजची वाटते, आणि मधल्या काळात घाटाचं रूप बदललं असेल तर पाहणारा गोंधळतो. चित्रीकरण कधीचं, पहिला खेळ कधीचा आणि ऑनलाइन कधीपासून, हे तिन्ही वेगवेगळं लिहावं.

रकाने वेगळे ठेवण्याची ही युक्ती ग्रंथपालांची. १९९५ साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ ही नोंदपद्धत निघाली. पुढे तिचे पंधरा रकाने ठरले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली भारतावरच्या जुन्या फिल्म ऑनलाइन ठेवल्या. त्यांतली आपली १८९९ ची फिल्म या पद्धतीत मांडायची तर अशी मांडता येईल:

```
dc:title     Panorama of Calcutta, India, from the River Ganges
dc:date      1899
dc:coverage  Varanasi
```

शीर्षक दुरुस्त करायचं नाही, कारण फिल्म त्याच नावाने विकली गेली आणि जुन्या कागदांत त्याच नावाने सापडते. ठिकाण मात्र डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं की कुठलं तरी एक खोटं पडतं.

राहिली श्रेयनामं. माहितीपटातल्या माणसाला ‘कलाकार’ म्हणणं विचित्रच. आयएमडीबीवर अशांच्या पुढे Self लिहितात, मराठीत ‘सहभाग’ चांगला चालतो. पण त्या तिघा कारागिरांनी होकार दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एखाद्या सभागृहातला खेळ होता. ऑनलाइन रकान्यात पूर्ण नाव गेलं की ते नाव शोधणाऱ्या कोणालाही त्यांचा चेहरा, घाट आणि कॅमेऱ्यापुढे एखाद्या सावकाराबद्दल काढलेले शब्द एकत्र सापडतात. म्हणून फिल्म चढवण्याआधी पुन्हा एकदा विचारायचं: पूर्ण नाव, नुसतं पहिलं नाव, की ‘एक कारागीर’? उत्तर येईल तेच फिल्मच्या शेवटी धावणाऱ्या पाटीतही बदलून घ्यायचं. नाहीतर रकान्यातून वगळलेलं नाव तिथे वाचता येतंच.