दोन-तृतीयांश चिखल्या

२०२२च्या जानेवारीत भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मी एका पक्ष्याचा फोटो काढला. मातकट पाठ, पांढरं पोट, काळी चोच. ओल्या वाळूवर चार पावलं पळायचं, थांबायचं, टोच मारायची, परत पळायचं. चिखल्या आहे एवढं कळत होतं. घरी येऊन पुस्तक चाळलं आणि छातीठोकपणे 'ग्रेटर सँड प्लोव्हर' असं नाव देऊन फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला. तासाभरात कुणीतरी सहमती दिली आणि फोटोखाली हिरव्या अक्षरांत 'रिसर्च ग्रेड' झळकलं. मी तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवरसुद्धा टाकला.

तीन दिवसांनी तिसऱ्या माणसाने लिहिलं, 'लेसर सँड प्लोव्हर. चोच आणि पाय बघा.' हिरवी अक्षरं गेली. नाव एक पायरी मागे घसरून नुसत्या प्रजातिगटावर, म्हणजे 'कुठला तरी चिखल्या' यावर येऊन थांबलं. मला राग आला. आम्ही दोघं होतो, तो एकटा. बहुमत आमचं, मग घसरलं कसं?

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडला की तो आधी नियम शोधतो. या नियमाला थोडा इतिहास आहे आणि त्यातला सगळ्यात बोलका भाग आपल्या महाराष्ट्रात घडलाय. म्हणून आधी तो सांगतो.

१८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एका छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. होय, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत दिसणारे तेच ह्यूम. ब्लेविट नावाच्या माणसाने मिळवलेल्या नमुन्यावरून त्यांनी त्याला 'ब्लेविटी' हे नाव दिलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. त्या काळी 'मी हा पक्षी पाहिला' म्हणजे 'मी हा पक्षी मारला आणि पेंढा भरून ठेवला'. पुरावा म्हणजे संग्रहालयाच्या खणातली कातडी आणि तिच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि मारणाऱ्याचं नाव. रानपिंगळ्याच्या अशा मोजक्याच कातड्या होत्या. त्यातल्या काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेल्या. त्यानंतर पक्षी गायब.

अपवाद फक्त एक. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठी म्हणत होती: १९१४, मांडवी, तापीकाठ, गुजरात. कर्नल मोठे नावाजलेले पक्षितज्ज्ञ. त्यांच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? म्हणून शेवटची नोंद १९१४ची, असं पुस्तकांत छापलं जात राहिलं. पक्षी शोधायला निघालेल्यांच्या नकाशावरही मांडवी येत राहिलं. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून काही फोटो पुढे आले, पण ते साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे निघाले. त्या फोटोंबाबत निदान चूक दाखवता तरी आली. पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके दिसले की विषय संपतो, कारण रानपिंगळ्याचं डोकं जवळपास सपाट रंगाचं असतं. कर्नलच्या नोंदीत पक्ष्याची ओळख बरोबर होती. खोटी होती ती चिठ्ठी.

हे उलगडलं १९९०च्या दशकात. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी ती कातडी बारकाईने तपासली. पेंढा भरण्याची प्रत्येकाची एक सवय असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. या कातडीतला पेंढा बदललेला होता, पण आतल्या मूळ कामाच्या खुणा डेव्हिडसनच्या हाताशी जुळत होत्या. म्हणजे डेव्हिडसनचा नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. मांडवीची नोंद बाद झाली. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांकडे वळले आणि नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शतकाहून जास्त काळाने. या वेळी पुरावा होता फोटो आणि व्हिडिओ. कुणीही पाहावं, कुणीही हरकत घ्यावी. पुढे २०१४मध्ये हा पक्षी आपल्या वसईच्या पूर्वेला, तानसा अभयारण्यातही सापडला.

एका चिठ्ठीने कित्येक वर्षं लोकांची दिशाभूल केली. कारण तपासणी एका माणसाच्या वजनावर चालत होती आणि पुरावा एका खणात बंद होता.

आता परत भुईगावला. आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ साली बर्कलीच्या तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रोजेक्टमधून झाली. तिथे खण उघडा आहे. फोटो सगळ्यांसमोर, प्रत्येकाला एक मत, आणि कर्नल असो की कालच खातं उघडलेला कॉलेजचा पोरगा, मताचं वजन सारखंच. पण साध्या बहुमताने काही ठरत नाही. एखादं नाव पक्कं व्हायला किमान दोन मतं लागतात आणि त्या नावाला दोन-तृतीयांशपेक्षा *जास्त* सहमती लागते. माझं भांडण त्या 'जास्त' या शब्दापाशी अडकलं होतं.

ग्रेटरला दोन मतं, लेसरला एक. तीनपैकी दोन, म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश. जास्त नाही. मग नियम एक पायरी वर चढतो आणि विचारतो: या तिघांचं कशावर एकमत आहे? दोन्ही चिखल्ये त्या वेळी एकाच प्रजातिगटात होते, तिथे तीनपैकी तीन. म्हणून नाव तिथे थांबलं. कुणीच जिंकलं नव्हतं. जेवढं सगळ्यांना मान्य होतं, तेवढंच नोंदीत शिल्लक राहिलं होतं. मी ज्याला घसरगुंडी म्हणत होतो ती खरं तर प्रामाणिक माघार होती.

पुढचं गणित जास्त मजेशीर. आम्ही दोघं हट्टाला पेटलो असतो तर लेसरला किती मतं लागली असती? चार मतं आली तरी सहापैकी चार, पुन्हा काठावरच. पाच हवीत: सातपैकी पाच, ७१ टक्के. आणि किनारी चिखल्यांच्या फोटोंवर पाच जाणकार येईपर्यंत वर्षं जातात. म्हणजे आधी घाईने दिलेलं एक चुकीचं मत आणि त्यावर न बघता मारलेलं एक 'सहमत' मिळून चार शहाण्यांना अडवून ठेवतात. ही या पद्धतीची खरी कमजोरी आहे. दुसरं मत देणाऱ्याने फोटो बघितला की नुसतं माझं लिहिलेलं नाव वाचलं, हे हिरवी अक्षरं सांगत नाहीत.

मग मी चोच मोजली. ग्रेटरची चोच लांब आणि दणकट असते. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. चोच त्याहून लांब भरली तर ग्रेटरची शक्यता, जेमतेम तेवढी किंवा आखूड असली तर लेसर. पायही बघायचे: ग्रेटरचे फिकट, हिरवटसर, लेसरचे गडद. माझ्या फोटोत पाय काळेच दिसत होते. पण ते ओल्या चिखलात होते, आणि चिखल कुणाचेही पाय काळे करतो. चोच मोजायला पक्षी पूर्ण आडवा हवा. तोंड जरा कॅमेऱ्याकडे वळलं की चोच फोटोत आखूड होते. नेमकी याच कारणाने एका बाईंनी माझ्या फोटोवर नुसतं 'चिखल्या' एवढंच मत दिलं होतं. असं वरच्या पायरीचं मत देताना ॲप विचारतं: तुम्हाला नेमकं माहीत नाही, की दिलेलं नाव चूक आहे अशी खात्री आहे? पहिलं उत्तर दिलं तर ते आधीच्या नावाविरुद्ध मोजलं जात नाही. दुसरं दिलं तर मोजलं जातं. त्यांनी पहिलं निवडलं होतं. 'मला यातून दिसत नाही' हे सांगायची सोय असणं मला फार आवडलं. कर्नलच्या काळात ती चिठ्ठीवर नव्हती.

माझ्याकडे त्याच पक्ष्याचे आणखी अकरा फोटो होते, ते मी टाकलेच नव्हते. सगळ्यात सुंदर एकच टाकला होता. त्या अकरात एक आडवा, कोरड्या वाळूवरचा, थोडा धूसर होता. त्यात चोच मोजली: डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जेमतेम. पाय कोरडे आणि तरीही गडद राखाडी. मी तो फोटो जोडला, माझं मत मागे घेतलं आणि लेसर लिहिलं. दोन दिवसांत चौथ्या जाणकाराने लेसरला मत दिलं. आता लेसरला तीन, ग्रेटरला एक. चारपैकी तीन, ७५ टक्के. हिरवी अक्षरं परत आली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २०२३मध्ये जगभरच्या पक्षियादीत लेसर सँड प्लोव्हरचेच दोन तुकडे झाले: सायबेरियन आणि तिबेटन. थंडीच्या पिसाऱ्यात हे दोघे फोटोवरून वेगळे करणं भल्याभल्यांना जड जातं. माझ्या पक्ष्याला 'तिबेटन' हे नाव मिळालं ते चोचीमुळे नाही, जागेमुळे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात येतात ते हिमालयापलीकडच्या पठारांवरचे, तिबेटन गटातले. म्हणजे आता नोंदीचा अर्धा भार फोटोवर आहे आणि अर्धा मी नकाशावर टोचलेल्या टाचणीवर. तीच चिठ्ठी, नव्या रूपात. टाचणी खोटी टोचली, तर पाच काय, पन्नास जाणकारांनाही फोटो बघून ते कळणार नाही. मांडवीच्या रानपिंगळ्यासारखंच. जागा किंवा तारीख नसेल तर नोंद सरळ 'कॅज्युअल' खात्यात जाते, ती याचसाठी. पण चुकीची जागा पकडायला कुठलाही दोन-तृतीयांश पुरत नाही.

परवा पुन्हा भुईगावला गेलो होतो. थवा होता, शंभरेक चिखल्ये. फोटो काढून झाल्यावर नकाशा उघडला. टाचणी आपोआप माझ्या घरच्या पत्त्यावर, विरारमध्ये लागली होती. ती ओढत ओढत ओल्या वाळूपर्यंत नेली आणि मगच नाव लिहिलं: चिखल्या. पुढचं घरी जाऊन, चोच मोजून.