अनबॉक्सिंग चित्रफीत

अनबॉक्सिंग चित्रफीत म्हणजे नव्या उपकरणाचे सीलबंद खोके कॅमेऱ्यासमोर उघडून आतील वस्तू दाखवणारी चित्रफीत होय. सोबत चार्जर आहे की नाही, बांधणी कशी आहे, हे तीत दिसते. बॅटरी किती टिकते हे मात्र काही दिवस वापरल्यावरच प्रामाणिकपणे सांगता येते.

भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पैसे न घेता केवळ फोन कंपनीकडून मोफत मिळाला असला, तरी तसे जाहीर करावे लागते. २ मिनिटे वा त्याहून मोठ्या चित्रफितीत उत्पादनाविषयीचा भाग चालू असेपर्यंत ही सूचना पडद्यावर ठेवावी लागते. समजा, ८ मिनिटांच्या चित्रफितीत असा फोन तिसऱ्या मिनिटापासून सातव्यापर्यंत दाखवला, तर ती चारही मिनिटे ‘जाहिरात’ यासारखी सूचना दिसली पाहिजे. ‘अधिक पाहा’ दाबल्यावरच उघडणाऱ्या वर्णनातील उल्लेख पुरेसा ठरत नाही.