पासवर्डला चिमूटभर ‘मीठ’

अंधेरीतील एका खातेदाराचा आणि मुलुंडमधील दुसऱ्याचा पासवर्ड योगायोगाने एकच आहे, असे समजा. संकेतस्थळ पासवर्डऐवजी त्याचा ‘हॅश’, म्हणजे गणिती ठसा, साठवते. दोघांचे ठसे सारखेच असल्याने एक उलगडताच दुसराही उलगडतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे लाखो ठसे चोरीस गेले, तेव्हा त्यांत ‘सॉल्ट’ नव्हते. एकदा काढलेला ठसा साऱ्या यादीशी ताडून पाहता आला.

सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी यदृच्छेने निवडलेली अक्षरे. ती पासवर्डला जोडून मग ठसा काढतात, त्यामुळे दोघांचे ठसे वेगळे होतात. १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये सॉल्ट अवघे १२ बिटचे होते, म्हणजे ४,०९६ पर्याय. दहा लाख खात्यांत प्रत्येक सॉल्ट सरासरी २४४ जणांच्या वाट्याला येईल. १६ बाइटचे सॉल्ट मात्र व्यवहारात पुन्हा येत नाही.

ते ठशाशेजारी उघडेच ठेवतात, कारण पासवर्ड तपासताना संगणकालाही ते लागते. चोराने ते वाचले, तरी प्रत्येक खात्यासाठी त्याला सारे अंदाज नव्याने मोजावे लागतात. एकाच खात्यावर नेम धरला, तर ‘123456’ला मात्र सॉल्टही वाचवत नाही.