एकच सोमवार, दोन महिने : हिंदी सावन आधी का येतो आणि आपला श्रावण नंतर का?

दरवर्षी जुलै महिन्यात अकोटमधल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोंधळ ठरलेला असतो. कोणीतरी महादेवाचा फोटो टाकतं, खाली लिहिलेलं असतं, ‘सावन का पहला सोमवार’. लगेच दोन-चार जण हात जोडतात. मग कोणीतरी विचारतं, “अजून आखाड संपला नाही, श्रावण कुठून आला?” आणि उपवास आज धरायचा की दोन आठवड्यांनी, यावर चर्चा सुरू होते.

यात चूक कोणाचीच नसते. फोटो हिंदी पंचांगानुसार बरोबर असतो आणि प्रश्न मराठी पंचांगानुसार. हे नेमकं कसं, ते समजून घेऊ.

वार तेच, उच्चार वेगळे

वारांच्या बाबतीत मराठी आणि हिंदीत भांडण नाही. सोमवार दोन्हीकडे सोमवारच. मंगळवारचा हिंदीत मंगलवार होतो, कारण प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. आपल्या गुरुवारला हिंदीत गुरुवार, बृहस्पतिवार आणि काही भागांत वीरवारही म्हणतात. रविवारला हिंदी बोलीत इतवार म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं आइतवार म्हणतात, तोच हा शब्द. दोन्हींचं मूळ ‘आदित्यवार’, म्हणजे सूर्याचा वार.

इंग्रजी महिन्यांचंही तसंच. आपण जानेवारी, एप्रिल, जुलै, सप्टेंबर लिहितो. हिंदीत जनवरी, अप्रैल, जुलाई, सितंबर लिहितात. नाव वेगळं वाटलं तरी तारीख एकच असते.

खरा घोळ पंचांगातल्या महिन्यांत आहे. तिथे नावं जवळपास सारखी आहेत. आषाढाला असाढ, श्रावणाला सावन, भाद्रपदाला भादों, मार्गशीर्षाला अगहन, पौषाला पूस, फाल्गुनाला फागुन. पण नाव सारखं असलं तरी महिना एकाच दिवशी सुरू होत नाही.

महिना संपतो कधी?

चांद्र महिन्याचे दोन पंधरवडे असतात. चंद्र वाढत जातो तो शुद्ध किंवा शुक्ल पक्ष, कमी होत जातो तो वद्य किंवा कृष्ण पक्ष. हिंदीत त्यांना सुदी आणि बदी असंही म्हणतात.

महाराष्ट्रात महिना अमावस्येला संपतो. म्हणजे आधी शुद्ध पक्ष, मग वद्य पक्ष. याला अमान्त पद्धत म्हणतात. गुजरात, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणातही हीच पद्धत आहे.

मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान या भागांत महिना पौर्णिमेला संपतो. तिथे आधी वद्य पक्ष येतो आणि मग शुद्ध. ही पौर्णिमान्त पद्धत. अकोटच्या उत्तरेला सातपुडा, मेळघाट ओलांडला की मध्य प्रदेश लागतो, म्हणजे महिन्याचा हिशोबही तिथे बदलतो.

याचा परिणाम एका वाक्यात सांगता येतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र हिंदी पंचांगाचं नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढे असतं.

२०२५ चं उदाहरण घेऊ

२०२५ मध्ये गुरुपौर्णिमा १० जुलैला होती. दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, हिंदी सावन सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा आषाढाचा वद्य पक्ष चालू होता. २४ जुलैला आषाढ अमावस्या, म्हणजे दीप अमावस्या झाली आणि २५ जुलैला आपला श्रावण लागला. आपल्या दीप अमावस्येच्या त्याच दिवशी हिंदी पट्ट्यात हरियाली अमावस्या होती. ती त्यांच्याकडे सावनची अमावस्या.

आता सोमवार मोजा. हिंदी सावनचे सोमवार आले १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. आपल्या श्रावणाचे आले २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. दोन्ही याद्यांत असलेले सोमवार फक्त दोन. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा झाली आणि हिंदी सावन संपला, आपला मात्र २३ ऑगस्टपर्यंत चालला.

म्हणजे १४ जुलैचा फॉरवर्ड पाहून कोणी उपवास सुरू केला आणि चार सोमवार मोजून थांबलं, तर मराठी श्रावणातले शेवटचे दोन सोमवार राहून जातात. आणि आपल्या भागात शेवटच्या सोमवाराचं महत्त्व वेगळं आहे. अकोट-अकोला रस्त्यावरच्या गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी कावडीत घेऊन शिवभक्त अकोल्याच्या राजराजेश्वराला जलाभिषेक करतात, तो उत्सव शेवटच्या श्रावणी सोमवारचा. हिंदी कॅलेंडर पाहून ४ ऑगस्ट हाच शेवटचा सोमवार समजला, तर हिशोब दोन आठवड्यांनी चुकतो.

गंमत म्हणजे उज्जैनमध्ये महाकालाच्या सवाऱ्या सावन संपल्यावर थांबत नाहीत, त्या भादोंच्या पहिल्या पंधरवड्यातही निघतात. २०२५ ची शेवटची सवारी १८ ऑगस्टलाच होती. सोमवार एकच, पण उज्जैनसाठी तो भादोंचा आणि अकोल्यासाठी श्रावणाचा.

मग सणही वेगळ्या दिवशी येतात का?

नाही. सण तिथीवर ठरतो आणि तिथी चंद्रावर. फक्त महिन्याचं नाव बदलतं. आपण गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला म्हणतो, हिंदीत तीच भादों कृष्ण अष्टमी. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फागुनमध्ये. आपलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला, त्यांचं कार्तिक अमावस्येला. वऱ्हाडातला पोळा श्रावण अमावस्येचा. छत्तीसगडमध्येही पोरा असतो त्याच दिवशी, पण तिथे तिला भादों अमावस्या म्हणतात.

ज्या गोष्टी पूर्ण महिना पाळल्या जातात, त्यांच्यात मात्र खरा फरक पडतो. श्रावणी सोमवार, श्रावणातली मंगळागौर, मार्गशीर्षातले गुरुवार ही त्याची उदाहरणं.

हा फरक पंधराच दिवसांचा असतो का?

साधारण पंधरा. तिथी कमी-जास्त होत असल्याने तो एखाद्या दिवसाने बदलतो. वर पाहिलं तसं २०२५ मध्ये तो चौदा दिवसांचा होता.

अधिक मास आला की चित्र आणखी बदलतं. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. आपल्याकडे आधी अख्खा अधिक महिना झाला आणि १७ ऑगस्टला निज श्रावण लागला. हिंदी पंचांगात मात्र सावन ४ जुलैलाच सुरू झाला, मध्ये अधिक महिना आला आणि उरलेला सावन ३१ ऑगस्टपर्यंत चालला. म्हणून त्या वर्षी ‘दोन महिन्यांचा सावन’ अशा पोस्ट फिरत होत्या.

फॉरवर्ड कसा ओळखायचा?

पोस्टमध्ये दिलेल्या तारखा राखीपौर्णिमेशी ताडून पाहा. राखीपौर्णिमेला महिना संपत असेल, तर ते हिंदी पंचांग. राखीपौर्णिमा महिन्याच्या मधोमध येत असेल आणि महिना पोळ्याच्या अमावस्येला संपत असेल, तर तो आपला श्रावण.