काल आणि काळ : मराठी ‘ळ’च्या जागेचा इतिहास

दिल्लीतील एका रस्त्याला ‘तिलक मार्ग’ असे नाव आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, त्या लोकमान्यांचे नाव मराठीत बाळ गंगाधर टिळक असे लिहितात आणि हिंदीत बाल गंगाधर तिलक असे. गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गोपाल कृष्ण गोखले होतात. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत ‘ळ’ नाही, त्यामुळे हा बदल अपरिहार्यच होय. परंतु इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथे वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर दिवसभर फल, काला, थाली, सोलह असेच शब्द पडतात. मग तेच मूल घरी मराठीत ‘शाला’ आणि ‘वेल झाली’ असे लिहू लागते. ‘जसे बोलतो तसे लिहावे’ हा उपदेश अशा मुलाच्या उपयोगी पडत नाही. कारण त्याच्या बोलण्यातच दोन ध्वनींची सरमिसळ झालेली असते. ‘ळ’ कोठे येतो आणि कोठे येत नाही, याला मात्र एक निश्चित इतिहास आहे, आणि तो समजला की कानाची उणीव बरीच भरून निघते.

या इतिहासाची किल्ली ‘काल’ आणि ‘काळ’ या दोन शब्दांत आहे. समय या अर्थाचा संस्कृत शब्द ‘काल’. त्यातील ‘ल’ एकटा असून दोन स्वरांच्या मध्ये आहे. मराठीत त्याचा ‘काळ’ झाला. आदला दिवस या अर्थाचा मराठी ‘काल’ मात्र निराळ्या घराण्यातला आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘कल्य’. त्याचा अर्थ प्रभातकाळ. प्राकृतात ‘ल्य’ या जोडाक्षराचे ‘ल्ल’ झाले आणि ‘कल्ल’ असे रूप आले. पुढे जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर दीर्घ झाला आणि ‘काल’ हा शब्द उरला.

मराठीच्या घडणीत या दोन घटना एका ठराविक क्रमाने घडल्या. प्राकृताच्या अवस्थेत दोन स्वरांमधील एकट्या ‘ल’चा उच्चार सैल झाला. जीभ दातांमागे न टेकता वर वळून टाळूला ओझरती लागू लागली, म्हणजेच ‘ल’चा ‘ळ’ झाला. ‘ल्ल’ या जोडाक्षरात जीभ दातांमागे घट्ट टेकून राहत असल्यामुळे तो या बदलातून वाचला. हा बदल पूर्ण झाल्यानंतर ‘ल्ल’चा एकेरी ‘ल’ झाला. तोवर ‘ळ’ होण्याची वेळ निघून गेली होती. म्हणून आजच्या मराठी शब्दातील ‘ळ’ हा बहुधा जुन्या एकेरी ‘ल’चा वारस असतो आणि स्वरांमधील ‘ल’ हा जुन्या दुहेरी ‘ल्ल’चा. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठी ध्वनींच्या अशा परंपरा बारकाईने तपासलेल्या आहेत.

हा नियम हाती आला की नेहमी गोंधळात टाकणाऱ्या जोड्या आपोआप सुटतात. संस्कृत ‘फल’चे फळ झाले, ‘फुल्ल’ म्हणजे उमललेले, त्याचे फूल झाले. ‘गल’ म्हणजे कंठ, त्यापासून गळा आला; प्राकृत ‘गल्ल’पासून गाल आला. ‘वेला’ म्हणजे समय, त्याची वेळ झाली. ‘वल्ली’चे प्राकृतात ‘वेल्लि’ होऊन मराठीत वेल झाली. ‘मूल’ म्हणजे झाडाचे मूळ. ‘मूल्य’चे ‘मोल्ल’ होऊन मोल झाले. धान गाळून-पाखडून ‘चाळणे’ हे एकेरी ‘ल’चे आणि पायाने ‘चालणे’ हे प्राकृत ‘चल्ल’चे. ‘न’ आणि ‘ण’ यांचीही हीच कथा आहे. ‘पानीय’मधील एकट्या ‘न’चा ‘ण’ होऊन पाणी झाले, तर ‘कर्ण’चे प्राकृत ‘कण्ण’ होऊन मराठीत कान आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाहावयाचे ते प्राकृत रूप. केवळ संस्कृत रूपावर विसंबून चालत नाही. ‘तैल’ या संस्कृत शब्दात ‘ल’ एकटाच दिसतो, म्हणून मराठीत ‘तेळ’ व्हावयास हवे होते असे वाटेल. पण प्राकृतात त्याचे रूप ‘तेल्ल’ असे दुहेरी झाले होते, म्हणून मराठीत तेल आहे.

सामान्य वाचकाला प्राकृत कोठून ठाऊक असणार, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना याबाबतीत एक सोय आहे. भोवतालच्या काही भाषांनी हा भेद आजही जिवंत ठेवला आहे. बडोद्याच्या मराठी कुटुंबांना गुजराती साक्ष देते. गुजरातीत फळ, काळ, गळुं यांत ‘ळ’ आहे आणि फूल, गाल, तेल यांत ‘ल’ आहे. ओडियातही फळ आणि तेल यांत हाच भेद आढळतो. पंजाबीने तर मूळचे द्वित्तच जपून ठेवले आहे. फुलाला पंजाबीत ‘फुल्ल’, मोलाला ‘मुल्ल’ आणि कालला ‘कल्ल्ह’ म्हणतात. पंजाबी शेजाऱ्याच्या तोंडी जेथे ‘ल्ल’ ऐकू येतो, तेथे मराठीत ‘ल’ लिहावा, हा आडाखा पुष्कळदा खरा ठरतो. महाराष्ट्रातील बोलीही हेच सांगतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तेथे ‘डोया’ आणि काळा ‘काया’ होतो. पण ‘काल’ हा शब्द वऱ्हाडीतही ‘काल’च राहतो. लिहिता न येणारा माणूसही हे दोन ध्वनी वेगळे ओळखतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

‘ळ’चा दुसरा झरा म्हणजे जुना ‘ड’. वैदिक भाषेत दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘ळ’ होत असे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ हे क्रियापद आहे. पुढील अभिजात संस्कृताने हा वर्ण टाकून दिला, परंतु लोकभाषांत तो राहिला. संस्कृत ‘गुड’चा मराठीत गूळ झाला, ‘षोडश’चे सोळा झाले आणि ‘तडाग’चे तळे झाले. हिंदीत ‘गुड़’ म्हणतात तेथे मराठीत गूळ येतो, तो यामुळे. मात्र मूळच्या ‘ट’पासून आलेला ‘ड’ मराठीत ‘ड’च राहिला, म्हणून ‘वट’चा वड झाला, ‘वळ’ नव्हे.

आतापर्यंतचे सर्व शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून झिजत आले, म्हणजे तद्भव आहेत. संस्कृतातून ग्रंथांच्या मार्गे जसेच्या तसे उचललेले तत्सम शब्द या झिजेतून गेले नाहीत. म्हणून त्यांत ‘ल’ कायम आहे. यामुळेच एकाच मुळाची दोन रूपे मराठीत शेजारी शेजारी नांदतात. मूळ पण मूलभूत, स्थळ पण स्थलांतर, बळी पण बलिदान, काळ पण समकालीन. शाळा हा घरचा शब्द, तर शालेय आणि प्रशाला हे ग्रंथांतून आलेले. संस्कृत उपसर्ग किंवा प्रत्यय लागलेला असेल, तर ‘ल’ लिहावा. मराठी प्रत्यय लागलेला असेल, तर ‘ळ’ टिकतो, जसे बळकट, काळाने, मुळापासून. मराठीने स्वतःच घडवलेल्या सामासिक शब्दांतही ‘ळ’ राहतो, जसे वेळापत्रक, धर्मशाळा.

फारसी, अरबी आणि इंग्रजीतून आलेले शब्द या बदलानंतर मराठीत आले. म्हणून त्यांत ‘ल’ असतो, जसे माल, महाल, कलम, हॉटेल. त्यामुळे वर्ष या अर्थाचे फारसी ‘साल’, फळाची साल आणि ‘शालि’पासून आलेली भाताची साळ असे तीन शब्द मराठीत निरनिराळ्या वाटांनी आले. याला अपवाद आहेत. पोर्तुगीज ‘नाताल’चा मराठीत नाताळ झाला, आणि तो पाठच करावा लागतो.

शिवाय दोन ठिकाणी शंकेला जागाच नाही. मराठी शब्दाचा आरंभ ‘ळ’ने होत नाही, आणि किल्ला, गल्ली, पिल्लू यांसारख्या शब्दांतील जोडाक्षर ‘ल’चेच असते.

आता एक साधे वाक्य तपासून पाहू. ‘काल सकाळी शाळेत वेळेवर फुले आणि फळे मिळाली.’ हिंदी वातावरणातील मूल या वाक्यात सर्वत्र ‘ल’ लिहील. ‘काल’ हा कल्ल, म्हणून त्यात ‘ल’. ‘सकाळी’ या शब्दात समयवाचक काळ आहे, म्हणून ‘ळ’. ‘शाला’ आणि ‘वेला’ यांतील ‘ल’ एकटा आहे, शिवाय त्यांना मराठी प्रत्यय लागले आहेत, म्हणून शाळेत, वेळेवर. फुले हे फुल्लपासून, फळे हे फलपासून. राहिला शेवटचा शब्द ‘मिळाली’. त्यात दोन्ही वर्ण आहेत. ‘मिळ’ हा धातू संस्कृत ‘मिल्’पासून आला; त्यातील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला. शेवटचा ‘ली’ हा भूतकाळाचा प्रत्यय आहे आणि तो प्राकृतातील ‘इल्ल’ या दुहेरी ‘ल’च्या प्रत्ययापासून आला. म्हणून मराठीतील गेला, आली, केले यांतील भूतकाळी ‘ल’चा ‘ळ’ कधीही होत नाही, मग धातूत ‘ळ’ असो वा नसो. पळाला, जळले, वळली आणि कळले या प्रत्येक शब्दात आधी ‘ळ’ आणि नंतर ‘ल’ येतो, तो याच क्रमाने. भूतकाळाचे रूप लिहिताना ज्याची लेखणी अडते, त्याने प्रत्यय बाजूला काढावा. शंका उरते ती फक्त धातूतील वर्णाची, आणि तिचा निकाल वरील कसोट्यांनी लागतो.