एक्सेलमध्ये फॉर्म्युला खाली ओढला की उत्तरं का चुकतात? एका डॉलरच्या चिन्हाची गोष्ट

सत्र संपत आलंय. कॉलेजमध्ये हजेरीची यादी तयार करायचं काम सुरू आहे. ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम आहे. यादी एक्सेलमध्ये आहे, पहिल्या विद्यार्थ्याचे टक्के बरोबर आले आहेत. मग तोच फॉर्म्युला माऊसने धरून खाली ओढला जातो आणि काही सेकंदांत पूर्ण वर्गाचे टक्के तयार होतात.

त्यातले बरेचसे चुकीचे असतात. काही चुका लगेच डोळ्यांत भरतात, पण काही इतक्या खऱ्या वाटतात की त्या तशाच नोटीस बोर्डावर लागू शकतात.

हे नेमकं का होतं, चूक कशी ओळखायची आणि ती कशी दुरुस्त करायची, हे एका छोट्या उदाहरणातून समजून घेऊया.

शीटमध्ये काय आहे?

समजा, सत्रात एकूण ४८ तास झाले. हा आकडा शीटमध्ये सगळ्यात वर, `B1` या सेलमध्ये लिहिला आहे. दुसरी ओळ रिकामी आहे. तिसऱ्या ओळीत कॉलमची नावं आहेत: `A3` मध्ये 'हजेरी क्रमांक', `B3` मध्ये 'उपस्थित तास' आणि `C3` मध्ये 'टक्के'. चौथ्या ओळीपासून विद्यार्थी सुरू होतात.

पहिला विद्यार्थी ४२ तासांना हजर होता. त्याचे टक्के काढायला `C4` मध्ये हा फॉर्म्युला लिहिला:

```
=B4/B1
```

सेलला टक्क्यांचं स्वरूप दिलं की उत्तर येतं ८७.५ टक्के. ४२ भागिले ४८, म्हणजे अगदी बरोबर. आता हा फॉर्म्युला `C9` पर्यंत खाली ओढला, तर असं दिसतं:

| क्रमांक | उपस्थित तास | सेलमधला फॉर्म्युला | शीटमधलं उत्तर | खरं उत्तर |
|---|---|---|---|---|
| १ | ४२ | `=B4/B1` | ८७.५% | ८७.५% |
| २ | ३० | `=B5/B2` | `#DIV/0!` | ६२.५% |
| ३ | ४५ | `=B6/B3` | `#VALUE!` | ९३.८% |
| ४ | ३४ | `=B7/B4` | ८१.०% | ७०.८% |
| ५ | ३६ | `=B8/B5` | १२०.०% | ७५.०% |
| ६ | ३९ | `=B9/B6` | ८६.७% | ८१.३% |

असं का झालं?

तिसरा रकाना वरून खाली वाचला की कारण लक्षात येतं. भागाकाराच्या डावीकडचा सेल दर ओळीला एकेक घर खाली सरकतोय: `B4`, `B5`, `B6`. तेच हवं होतं, कारण प्रत्येक विद्यार्थ्याचे तास वेगळे आहेत. पण उजवीकडचा `B1` सुद्धा सोबत सरकला. तो `B2`, `B3`, `B4` होत गेला.

कारण फॉर्म्युला कॉपी करताना एक्सेल `B1` हा पत्ता म्हणून धरत नाही. `C4` मध्ये उभं राहून पाहिलं, तर `B1` म्हणजे 'एक कॉलम डावीकडे आणि तीन ओळी वर'. एक्सेल हीच दिशा लक्षात ठेवतं. `C5` मधून एक कॉलम डावीकडे आणि तीन ओळी वर गेलं की `B2` लागतो. तो रिकामा आहे. रिकाम्या सेलची किंमत शून्य धरली जाते आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून `#DIV/0!`. पुढच्या ओळीत `B3` लागतो. तिथे 'उपस्थित तास' हे शब्द आहेत, आकडा नाही, म्हणून `#VALUE!`.

चौथ्या विद्यार्थ्यापासून खरा घोळ सुरू होतो. त्याचे ३४ तास एकूण ४८ तासांनी नाही, तर पहिल्या विद्यार्थ्याच्या ४२ तासांनी भागले गेले. दोन्हीकडे आकडे आहेत, त्यामुळे एक्सेलच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. उत्तर आलं ८१ टक्के. प्रत्यक्षात हा विद्यार्थी ७०.८ टक्क्यांवर, म्हणजे नियमाच्या खाली आहे.

सगळ्यात धोकादायक चूक कोणती?

अशा वेळी बहुतेकदा काय होतं? `#DIV/0!`, `#VALUE!` आणि १२० टक्के या तीन जागा लगेच दिसतात. त्या तीन सेलमध्ये फॉर्म्युला हाताने पुन्हा लिहिला जातो आणि काम झालं असं वाटतं. पण ८१ आणि ८६.७ टक्के तसेच राहतात, कारण ते आकडे कुणाला खटकतच नाहीत.

याच शीटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. कुणाचीही हजेरी ४८ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यामुळे ४८ ऐवजी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या तासांनी भागलं, की उत्तर खऱ्यापेक्षा कमी कधीच येणार नाही, बहुतेक वेळा जास्तच येईल. म्हणजे चुकीचा फायदा विद्यार्थ्यांनाच होतो आणि तक्रार घेऊन कुणीच येत नाही. कमी टक्के लागले असते तर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थी दारात उभे राहिले असते.

एक्सेलकडूनही फारशी मदत मिळत नाही. शेजारच्या सेलपेक्षा वेगळा फॉर्म्युला दिसला की एक्सेल त्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दाखवतं. पण इथे खाली ओढलेले सगळे फॉर्म्युले एकाच साच्यातले आहेत. त्यामुळे ८१ टक्क्यांवर त्रिकोण येत नाही. उलट, पाचव्या विद्यार्थ्याचा हाताने नीट केलेला फॉर्म्युला वरच्या-खालच्यांपेक्षा वेगळा पडतो आणि त्रिकोण नेमका त्या बरोबर उत्तरावर दिसू शकतो.

उपाय काय?

उपाय एका चिन्हाचा आहे. जो सेल जागचा हलू नये, त्याच्या पत्त्यात डॉलरचं चिन्ह टाकायचं:

```
=B4/$B$1
```

`B` च्या आधीचा डॉलर कॉलमला जागेवर धरून ठेवतो आणि `1` च्या आधीचा डॉलर ओळीला. आता फॉर्म्युला कितीही खाली ओढला तरी `B4` सरकत राहील, पण `$B$1` तिथेच राहील. डॉलर असलेल्या या पत्त्याला 'अ‍ॅब्सोल्यूट रेफरन्स' म्हणतात आणि साध्या पत्त्याला 'रिलेटिव्ह रेफरन्स'. इथे पैशांचा काही संबंध नाही, डॉलर फक्त खुणेसाठी वापरला आहे.

फॉर्म्युला फक्त खाली ओढायचा असेल, तर `B$1` एवढंही पुरतं, कारण खाली जाताना कॉलम बदलत नाही. तोच फॉर्म्युला उजवीकडेही ओढायचा असेल, तर कॉलमलाही डॉलर लागतो.

डॉलर दरवेळी टाइप करावा लागत नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर `B1` वर ठेवून `F4` दाबलं की `$B$1` होतं. पुन्हा दाबत गेलं की `B$1`, मग `$B1` आणि मग परत `B1`. अनेक लॅपटॉपवर `F4` सोबत `Fn` दाबावं लागतं. मॅकवरच्या एक्सेलमध्ये `Command+T` चालतं. गुगल शीट्समध्येही `F4` चालतं. मोबाइलवर डॉलर हाताने टाइप करता येतो.

दुरुस्ती करताना एक काळजी घ्यायची. फक्त चुकलेले सेल दुरुस्त करायचे नाहीत. पहिल्या सेलमध्ये डॉलर टाकायचा आणि तो फॉर्म्युला पुन्हा शेवटपर्यंत ओढायचा. आधी हाताने बदललेले सेलही त्याखाली झाकले गेले पाहिजेत.

मग थेट ४८ लिहिलं तर?

`=B4/48` असं लिहिलं तर उत्तर बरोबर येईल आणि खाली ओढल्यावर काही बिघडणारही नाही. अडचण पुढच्या आठवड्यात येते. जादा तास झाले आणि एकूण ५२ झाले, की प्रत्येक फॉर्म्युल्यात ४८ चे ५२ करावे लागतात. आकडा `B1` मध्ये असेल आणि फॉर्म्युल्यात डॉलर असेल, तर एकच सेल बदलून काम होतं.

गुणवत्ता यादीत दोन 'पहिले'

हीच चूक एका सेलऐवजी सेलच्या पट्ट्यातही होते. समजा, याच विद्यार्थ्यांचा हजेरीनुसार क्रमांक काढायचा आहे आणि `D4` मध्ये लिहिलं:

```
=RANK(B4,B4:B9)
```

पहिल्याचा क्रमांक येतो दुसरा, आणि तो बरोबर आहे. पण खाली ओढल्यावर `B4:B9` हा पट्टाही सरकतो. शेवटच्या विद्यार्थ्यासाठी तो `B9:B14` होतो. त्यात आकडा एकच, तो म्हणजे त्याचा स्वतःचा. त्यामुळे ३९ तासांचा हा विद्यार्थी 'पहिला' येतो, खरं तर तो तिसरा आहे. ४५ तासांचा विद्यार्थीही पहिलाच असतो. एका यादीत दोन पहिले. इथे पट्ट्याच्या दोन्ही टोकांना डॉलर हवा: `B$4:B$9`.

चूक आहे का, हे कसं ओळखायचं?

पहिली ओळ तपासून उपयोग नाही, ती नेहमीच बरोबर असते. शेवटच्या ओळीत जायचं, त्या सेलवर `F2` दाबायचं. फॉर्म्युल्यात वापरलेल्या सेलभोवती रंगीत चौकटी दिसतात. एक चौकट त्या विद्यार्थ्याच्या तासांवर आणि दुसरी वर `B1` वर असेल, तर ठीक. दुसरी चौकट कुठेतरी मधल्याच सेलवर दिसली, तर डॉलर राहिला आहे.

पूर्ण कॉलम एकदम पाहायचा असेल तर `Ctrl` धरून `1` च्या डावीकडची `` ` `` ही कळ दाबायची. उत्तरांच्या जागी फॉर्म्युले दिसतात. तीच कळ पुन्हा दाबली की उत्तरं परत येतात.

सगळ्यात सोपी चाचणी मात्र वेगळीच आहे. `B1` मध्ये ४८ ऐवजी ४८० लिहून पाहायचं. सगळे टक्के दहापट कमी झाले पाहिजेत. जे सेल ढिम्म हलले नाहीत, ते `B1` वापरतच नाहीत. आपल्या यादीत तीन सेल हाताने दुरुस्त केल्यानंतर ही चाचणी घेतली असती, तर ८१ आणि ८६.७ हेच दोन आकडे जागचे हलले नसते. चाचणी झाली की `Ctrl+Z` दाबून ४८ परत आणायचे.

एक्सेल हे आपणहून का ओळखत नाही?

कारण कोणता सेल सरकायला हवा आणि कोणता नको, हे फक्त शीट बनवणाऱ्यालाच माहीत असतं. १९७९ मध्ये आलेल्या व्हिसिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युला कॉपी करताना प्रत्येक सेलबद्दल प्रश्न विचारला जायचा: हा तसाच ठेवायचा की जागेनुसार बदलायचा? १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये हे उत्तर डॉलरच्या रूपाने फॉर्म्युल्यातच लिहिलं जायचं, आणि आज एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्ये तीच पद्धत आहे. प्रश्न विचारणं बंद झालं, पण उत्तर अजूनही द्यावंच लागतं. ते दिलं नाही, तर 'सरकवायचं' असं धरलं जातं.